एकशे आठची ओळ

हिशेब बरोबर असला की माणूस निर्धास्त झोपतो असं म्हणतात. ब्रुसादिनच्या कारखान्यात हिशेब चुकलेला होता तोवर सगळे गाढ झोपत होते, आणि तो बरोबर झाला त्या दिवसापासून नीवेसची झोप उडाली.

कॅनडातल्या विंडसरमध्ये घरटी एक माणूस साच्यांच्या नाहीतर मोटारीच्या धंद्यात. नीवेसचा बाप सिल्व्हानो ब्रुसादिन तरुणपणी इटलीतून आला, दुसऱ्याच्या कारखान्यात हात काळे केले, मग स्वतःचा कारखाना काढला. मोटारीचे प्लास्टिकचे भाग ज्यातून पडतात ते पोलादी साचे तो बनवी. नीवेस त्याची थोरली, आणि कारखान्याचे हिशेब तिच्याकडे. बाप चांगला होता, पण हेकट. एकदा तोंडातून आकडा गेला की तो दगडावरची रेघ.

दोन हजार सात सालच्या जानेवारीत नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या मिशिगनमधून मोठी ऑर्डर आली. डॅशबोर्डच्या साच्यांचा अख्खा संच, किंमत चोवीस लाख अमेरिकन डॉलर. आता विंडसरच्या कारखानदाराचं दुखणं असं, की माल विकायचा अमेरिकन डॉलरात आणि पगार, वीज, भाडं भागवायचं कॅनडाच्या डॉलरात. मधे नदी आहे ती आहेच, पण खरी नदी म्हणजे भाव. अमेरिकन डॉलरला कॅनडाचे किती सेंट मिळतात, यावर चूल पेटते का विझते ते ठरायचं. जानेवारीत एकशे सतरा मिळत होते.

ऑर्डर घ्यायची का नाही हे ठरवायला नीवेसने तक्ता मांडला. बापाने शिकवलेलीच रीत होती. अमेरिकन डॉलरात येणार चोवीस लाख. त्यातून अमेरिकन डॉलरातच जाणार सहा लाख, कारण पोलाद आणि वितळलेलं प्लास्टिक साच्यात सोडणारी नळ्यांची जोडणी पलीकडूनच विकत घ्यायची. राहिले अठरा लाख. इकडचा खर्च कॅनडाचे अठरा लाख नव्वद हजार. अठरा लाख नव्वद हजाराला अठरा लाखांनी भागलं की एकशे पाच सेंट. तो झाला ना नफा ना तोट्याचा भाव. त्याच्या वर गेलं की नफा, खाली गेलं की तोटा, आणि एका सेंटाला अठरा हजारांचा फरक.

भाव ११७ : नफा २,१६,०००
भाव ११० : नफा ९०,०००
भाव १०५ : शून्य
भाव १०० : तोटा ९०,०००
भाव ९५ : तोटा १,८०,०००

सिल्व्हानोने तक्ता वाचला आणि शेवटच्या दोन ओळींवर नख आपटलं. "ह्या कशाला घातल्यास? शंभर? तीस वर्षांत कधी झालंय?"

"घालायच्या असतात, पापा."

"घाल बाई. कागद तुझाच आहे."

तक्त्याची एक प्रत तिहो लोन्चारकडे गेली. तिहो कारखान्याचा फोरमन, मूळचा क्रोएशियाचा. बोलणं कमी, आणि साच्यावरून नुसता अंगठा फिरवून कुठे केसभर उंच राहिलंय ते सांगणारा. सिल्व्हानोला आता थकवा आला होता. तिहोने तीन लाख डॉलर घालून कारखान्यात तिसरा हिस्सा घ्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं. तिहोकडे तीन लाख कुठले? वीस वर्षं हप्ते फेडून मोकळं केलेलं घर त्याने पुन्हा बँकेकडे गहाण ठेवायला काढलं. बायको यादरांका आधी रडली, मग तयार झाली. सप्टेंबरात सह्या व्हायच्या होत्या, आणि तो अख्खा व्यवहार ह्या एका ऑर्डरीच्या नफ्यावर बेतलेला होता.

चूक सापडली जुलैत. जुलैत मोटारींचे कारखाने बंद असतात, म्हणून साचेवालेही कुलूप लावतात. नीवेस मात्र एकटीच ऑफिसात बसून सहा महिन्यांची बिलं जुळवत होती. पोलादाचं आणि नळ्यांचं बिल समोर आलं. सहा लाख अमेरिकन डॉलर, फेब्रुवारीत चुकते केलेले. त्यासाठी कॅनडाचे किती मोजले? सात लाख दोन हजार. बरोबरच आहे, तेव्हा भाव एकशे सतरा होता. तिने आकडा लिहिला, पुढचं बिल ओढलं, आणि हात तसाच थांबला.

पोलादाचे पैसे तर गेले. एकशे सतराच्या भावाने गेले. मग आज भाव एकशे सहा असताना तिचा तक्ता त्याच सहा लाखांना एकशे सहाने कसा वजा करतोय?

बापाच्या काळी ते चालत होतं. तेव्हा गिऱ्हाईक ऑर्डरीबरोबर एक तृतीयांश पैसे हातावर ठेवी, चाचणी झाली की तेवढेच आणखी, माल गेला की उरलेले. पहिल्या हप्त्यातले अमेरिकन डॉलर आले तसे पोलादवाल्याला जात, त्यांना कॅनडाचं तोंडही बघावं लागत नसे. डॉलरातून डॉलर वजा, हिशेब चोख. पण मोटारवाल्यांनी मधल्या वर्षांत रीत बदलली. आता साच्यातून पडलेला भाग गाडीत बसून पास झाल्याशिवाय छदाम मिळत नाही. सगळे चोवीस लाख एकदम, आणि तेही पुढच्या मार्चमध्ये. रीत बदलली हे विंडसरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कॉफीच्या दुकानात लोक त्या रीतीला रोज शिव्या घालत. पण तक्ता मांडायची पद्धत कोणी बदलली नव्हती.

तिने नव्याने मांडलं. इकडचा खर्च अठरा लाख नव्वद हजार, त्यात पोलादाचे सात लाख दोन हजार. झाले पंचवीस लाख ब्याण्णव हजार. भागिले चोवीस लाख. एकशे आठ.

भाव ११७ : नफा २,१६,०००
भाव ११० : नफा ४८,०००
भाव १०८ : शून्य
भाव १०५ : तोटा ७२,०००
भाव १०० : तोटा १,९२,०००
भाव ९५ : तोटा ३,१२,०००

वरची ओळ दोन्ही तक्त्यांत तीच होती, म्हणून तर जानेवारीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. खाली उतरावं तसे दोन तक्ते एकमेकांपासून लांब जात होते. एका सेंटाला आता अठरा नव्हे, चोवीस हजार. आणि जुन्या तक्त्याप्रमाणे आज अठरा हजार नफ्यात असलेली ऑर्डर खरं तर अठ्ठेचाळीस हजार तोट्यात होती. बँकेची अट तिला तोंडपाठ होती. वर्षाचा तोटा दीड लाखाच्या वर गेला तर बँक कारखान्याला दिलेलं कर्ज परत मागणार.

संध्याकाळी ती बापाकडे गेली. तो गॅरेजमध्ये घरच्या वाइनच्या पिंपांना नवे पट्टे ठोकत होता. त्याने चष्मा लावून दोन्ही तक्ते वाचले, हातोडी बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पद्धत माझीच," शेवटी तो म्हणाला. "तुझा काय दोष."

"दोष कोणाचा ते राहू दे. बँकेला उद्याच सांगू, मार्चचे डॉलर आताच विकून टाकू. आगाऊ सौदा केला की भाव बांधला जाईल. अठ्ठेचाळीस हजारांवर निभावेल."

"तोटा सही करून विकत घेऊ? चार आठवड्यांत भाव वर येईल. दर उन्हाळ्यात असंच होतं."

"आणि तिहोकाका? त्यांच्या हातात जुना कागद आहे."

"तिहोला आत्ता काही सांगायचं नाही." सिल्व्हानोने नवा तक्ता चार घड्या करून स्वतःच्या खिशात घातला. "घर गहाण टाकून बसलाय तो. घाबरेल, मागे फिरेल. भाव एकशे दहावर गेला की बांधून टाकू. थोडाफार नफा राहील, कोणाचं काही बिघडणार नाही. मग सांगू हवं तर."

नीवेसने होकाराची मान हलवली. ती मान कशी हलली, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. बापावर माया होती हे खरं, पण आपली चूक चारचौघांत निघणार नाही याचं हायसंही वाटलं होतं, आणि ते जास्त खरं होतं.

ऑगस्टात म्हाताऱ्याचं बोलणं खरं होऊ लागलं. अमेरिकेत घरांच्या कर्जांचा काहीतरी घोळ झाला, बाजार घाबरले, आणि घाबरलेला पैसा गंमत म्हणजे अमेरिकेकडेच पळाला. भाव चढायला लागला. एकशे सहा, एकशे सात. एके सकाळी बँकेतल्या बाईचा फोन आला. मार्चच्या डॉलरला आज एकशे आठ देते, म्हणाली, विकायचे असतील तर दुपारपर्यंत सांगा.

नीवेस धावत बापाच्या खोलीत गेली. "पापा, एकशे आठ. एक पैसा जात नाही, एक पैसा येत नाही. सुटलो आपण. करू ना फोन?"

"एकशे आठला शून्य," सिल्व्हानो म्हणाला.

"शून्यच तर हवंय."

"तिहोच्या कागदाप्रमाणे एकशे आठला काय निघतं? चोपन्न हजार नफा. भाव बांधला की आकडा पक्का. मग त्याला काय दाखवू, शून्य? दोन सेंट वर जाऊ दे. अठ्ठेचाळीस हजार होतील. त्याच्या कागदावर तिथे नव्वद लिहिलेत, पण हातात नफा पडला की माणूस फार विचारत बसत नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि खालच्या कारखान्यातून तिहो वर आला. हाताला तेल होतं म्हणून त्याने आपला तक्ता दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. इतके महिने वापरून घड्यांवर फाटलेला.

"रेडिओवर ऐकलं," तो म्हणाला. "सिल्व्हानो, बांधून टाक बाबा. एकशे आठला चोपन्न हजार येतात. मला पुष्कळ झाले. यादरांका रात्रीची उठून स्वयंपाकघरात बसते. जास्तीचं काही नको मला."

"तू साचे बघ तिहो, भाव मी बघतो."

"भाव कळत नाही मला, कबूल. पण पोलाद कळतं. मापाला आलं की हात काढायचा असतो. अजून एक फेर मारू म्हणणाऱ्याने किती साचे वाया घालवले ते तू पाहिलंयस."

सिल्व्हानो हसला. "भित्रा झालास घर गहाण टाकून."

"झालो," तिहो म्हणाला. मग तो नीवेसकडे वळला. "पोरी, तुला काय वाटतं? कागद तुझा आहे."

बाप तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीतून बाहेर बघत होता, आणि त्याच्या मानेची शीर उडत होती. एक शब्द पुरला असता. 'बांधा' एवढं म्हणाली असती तर तिहो हटून बसला असता, आणि दोघांपुढे म्हाताऱ्याचं काही चाललं नसतं. पण मग तो पक्का आकडा, मग ते शून्य, मग दोन कागद शेजारी शेजारी.

"पापा म्हणतात तर थांबू दोन दिवस, काका," ती म्हणाली.

तिहोने मान डोलावली. तिच्यावर त्याचा भरवसा होता. तो कागदाची घडी घालून कामावर गेला. दुपार टळली, आणि बँकेला कोणी फोन केला नाही.

दोन दिवसांनी भाव एकशे सातच्या खाली होता. आठवड्याभरात एकशे सहा. सिल्व्हानो म्हणे, हा हेलकावा आहे. सप्टेंबर लागला तसा हेलकावा राहिला नाही, सरळ उतार लागला. एकशे पाच. एकशे तीन. रोज सकाळी नीवेस गाडीतच बसून रेडिओवर आकडा ऐकायची आणि मगच कारखान्यात शिरायची. आता बांधू, असं ती दोनदा म्हणाली. पहिल्यांदा म्हातारा खेकसला. दुसऱ्यांदा नुसता म्हणाला, "आता? आता तर बांधवतच नाही." हे बोलताना तो एकाएकी म्हातारा दिसला, आणि तिला त्याची भीती वाटायची थांबून त्याच्यासाठी वाटायला लागली.

मग भाव शंभरावर आला. कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या बरोबरीला. तीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं, आणि विंडसरमध्ये जणू जत्रा भरली. नदीखालून अमेरिकेत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली, जो तो डेट्रॉइटला बूट आणि टीव्ही आणायला निघाला. कॉफीच्या दुकानातली बाई नीवेसला म्हणाली, "आता आपण त्यांच्यापेक्षा श्रीमंत, नाही का?" नीवेसने सुटे पैसे न मोजताच घेतले.

सह्या दुसऱ्याच दिवशी होत्या. कारखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर वकिलाने कागद मांडले. तिहो नवा शर्ट घालून आला होता, खिशात तीन लाखांचा बँकेचा चेक. सिल्व्हानोने वाइनची बाटली आणली होती, पण ती उघडायचं कोणाच्या मनात नव्हतं.

"आधी एक बोलू?" तिहो म्हणाला. त्याने आपला फाटका तक्ता पसरला आणि शंभरच्या ओळीवर बोट ठेवलं. "भाव इथे आलाय. नव्वद हजार तोटा. यादरांका म्हणाली, जाऊ नकोस. मी तिला म्हटलं, तिसऱ्या हिश्श्याने माझ्या वाट्याला तीस हजार. तीस हजार मी चार वर्षांत ओव्हरटाइम करून काढीन. आणि बँकेची अट दीड लाखाची आहे, तिथवर आपण जात नाही. मग पळायचं कशाला? चांगल्या दिवसांत ताटाला बसलो, वाईट दिवसांत उठून जाऊ?"

"खरा माणूस आहेस," सिल्व्हानो म्हणाला. त्याने पेन पुढे केलं.

नीवेसला सगळं स्पष्ट दिसत होतं. हे तीन लाख आले तर बँक गप्प बसेल, तसं बँकेतल्या बाईने कळवलंच होतं. कारखाना हिवाळा काढेल. न आले तर तोटा दीड लाखाच्या पलीकडे गेलेला बँकेला दिसेल, कर्ज परत मागितलं जाईल, आणि बापाचा जन्म कुलूप लावून संपेल. आले, तर ते भोकातून वाहून जातील, आणि त्यांच्याबरोबर तिहोचं घर. भाव शंभरावर थांबेल असं कोण म्हणत होतं?

तिहोने पेनाचं टोपण काढलं.

"सही करू नका, काका."

"नीवेस," सिल्व्हानो म्हणाला. एवढंच.

तिने नव्या तक्त्याची आपल्याकडची प्रत टेबलावर ठेवली, जुन्याच्या शेजारी. पोलादाचे पैसे कधी गेले, कुठल्या भावाने गेले, ते आता वजा का होत नाहीत, हे दोन-चार वाक्यांत सांगितलं. आकडे सरळ आले. "तोटा नव्वद हजार नाही. एक लाख ब्याण्णव हजार आहे. आणि भाव अजून पाच सेंट उतरला तर तीन लाख बारा हजार. तुमच्या चेकपेक्षा जास्त."

वकील आपल्या घड्याळाकडे बघू लागला. तिहोने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. तो शंभरच्या ओळीवर थांबेल असं तिला वाटलं होतं. त्याचं बोट वर सरकत गेलं आणि एकशे आठवर येऊन टेकलं.

"हा शून्याचा भाव," तो म्हणाला.

"हो."

"ऑगस्टात मी वर आलो होतो. बांधा म्हणालो होतो."

"हो."

"तेव्हा तुला हे माहीत होतं?"

नीवेसला खोटं बोलता आलं असतं. बाप तिच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच विनवणी होती.

"जुलैपासून," ती म्हणाली.

तिहो रागावला नाही. "म्हणजे चुकीचा कागद घेऊन मी बरोबर सांगत होतो," तो सावकाश म्हणाला, "आणि बरोबर कागद घेऊन तुम्ही दोघं मला खाली पाठवलंत." मग सिल्व्हानोकडे वळून, "शून्य दाखवलं असतंस तरी मी सही केली असती रे. नफा कोणाला हवा होता? मला दारावर नाव हवं होतं."

तिहोने पेनाचं टोपण लावलं, पेन वकिलापुढे ठेवलं, चेक खिशात परत घातला आणि उठला. दाराशी जाऊन थांबला.

"साचे मी पुरे करून देईन," तो म्हणाला. "त्यांचा काही दोष नाही."

तो कारखान्यात गेला. नव्या शर्टावरच त्याने कामाचा कोट चढवला असावा, कारण थोड्याच वेळात मोठं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. वकिलाने कागद गोळा केले. सिल्व्हानो मुलीकडे न बघता खुर्चीत बसून होता, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून.

ऑफिसातला फोन वाजू लागला. तो कोणाचा ते नीवेसला ठाऊक होतं. ती गेली आणि तिने तो उचलला. बँकेतल्या बाईने नेहमीसारखं हवापाण्याचं विचारलं, भाव काय वेडा झालाय म्हणून हसली, आणि मग म्हणाली, "सह्या झाल्या ना? तीन लाख जमा झाले की मी तुमची फाईल बंद करते."

"नाही झाल्या," नीवेस म्हणाली. "आणि तुम्हाला नवा तक्ता पाठवायचाय."

त्या बाईने, आता अगदी हळू आवाजात, तिला फोन तसाच धरून ठेवायला सांगितलं.